पाडव्याची मुदत

मूल हवं की नको या प्रश्नावर नवरा-बायकोचं जुळत नसेल, तर सरळ मुदत घालावी असं मी कित्येक वर्षं मानत होते. नुसती मानत नव्हते, इतरांना सांगतही होते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एखादी म्हणाली, की नवरा नुसतं 'बघू' म्हणतोय, तर मी म्हणायचे, त्याला तारीख दे, तारखेशिवाय पुरुष हलत नाहीत. आता मी हे कुणालाही सांगत नाही. तो उपाय मी स्वतः केला आणि तो लागू पडला. तो लागू पडल्यामुळेच माझं मत बदललं.

आमचं लग्न २०१६ मध्ये झालं. मी अठ्ठावीस वर्षांची, तो एकतीसचा. मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवते, तो अंबडच्या एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीचं काम बघतो. लग्न ठरण्याआधी आम्ही दोनदा बाहेर भेटलो. पगार, बदली, देवधर्म, स्वयंपाक असं सगळं बोलून झालं आणि निघता निघता मी विचारलं, "आणि मुलांचं काय?" तो म्हणाला, "बघू ना पुढे." मी ऐकलं, दोन-तीन वर्षांनी. त्याने म्हटलं होतं, मला त्याची कल्पनाच करता येत नाही. हे मला सहा वर्षांनी कळलं. 'बघू' या शब्दात आपल्याकडे होकार, नकार आणि 'मला माहीत नाही' हे तिन्ही मावतं, आणि ऐकणारा आपल्याला हवं ते उचलतो.

पुढची वर्षं कशी जातात हे कुणाला सांगायला नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओटी भरताना कुणीतरी आशीर्वादात ते घालतंच. माहेरी मावशा गोड बातमीचं विचारतात. माझ्या सासूबाईंनी मात्र एकदाही विचारलं नाही. मला ते त्यांचं मोठेपण वाटायचं. त्या का विचारत नाहीत, असा प्रश्न मला पडला असता तर बरंच लवकर उलगडलं असतं.

२०२१ च्या दिवाळीत मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाहून परत येताना गाडीतच माझा बांध फुटला. मी म्हटलं, "गुढीपाडव्यापर्यंत मला हो किंवा नाही सांग. नाही असेल तर मी या घरात राहणार नाही." मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. शरीर थांबत नाही हे खरं होतं, आणि टाळाटाळीने मी खचले होते हेही खरं होतं. त्यामुळे आपण प्रामाणिक वागतोय असंच मला वाटत होतं.

याच काळातली एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो. माझ्या अगदी जवळच्या एकीने मला सांगितलं, "गोळ्या बंद कर आणि बोलू नकोस. एकदा कुशीत आलं की माया लागते." मी तसं केलं नाही. पण दोन दिवस मी तो विचार मनात घोळवला. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन मी उभी होते, हे मला आठवतं. ज्या माणसाबरोबर मूल वाढवायचं, त्यालाच फसवून ते आणायचं, इथवर माझं मन पोचलं होतं.

पाडवा २ एप्रिलला होता. गुढी उभारली, जेवणं झाली, आणि ताटं उचलताना तो म्हणाला, "ठीक आहे. होऊ दे." मी रडले. आईला फोन केला. मला वाटलं, मुदतीने जे व्हायचं ते झालं.

पुढचे चार महिने मी विसरू शकत नाही. वाईट असं काही घडलं नाही. तो चिडला नाही, टोचून बोलला नाही. फक्त ज्या दिवसांत आम्ही एकत्र असायला हवं, नेमक्या त्याच दिवसांत त्याने दुसरी पाळी मागून घेतलेली असायची. नाहीतर डोकं दुखायचं. मी पाळणाघराचं बोलले, की "तुला हवं तसं." नाव काय ठेवायचं, "तुला आवडेल ते." हाच माणूस फ्रिज घेताना मला चार दुकानं फिरवून आणतो, वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मुलाबद्दल त्याने एकही प्रश्न विचारला नाही. रात्री कोण उठणार, पैसे पुरतील का, माझी रजा संपल्यावर काय, काहीच नाही. दबावाखाली दिलेला होकार ओळखायची खूण मला आज कुणी विचारली, तर मी हीच सांगेन. खरा होकार देणाऱ्याला शंका असतात.

जुलैच्या शेवटी माझी पाळी सहा दिवस लांबली. मी त्याला सांगितलं. तो "अरे वा" म्हणाला आणि काहीतरी आणायचंय म्हणून खाली गेला. पाऊण तासाने मी गॅलरीतून पाहिलं, तर तो पार्किंगमध्ये स्कूटरवर नुसता बसून होता. दुसऱ्या दिवशी पाळी आली. मी बाथरूममधून बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणात उतरला. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलंय हे त्यानेही पाहिलं.

त्या रात्री मी विचारलं, "मी जाईन म्हणाले म्हणून तू हो म्हणालास ना?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू गेली असतीस तर मी काय करणार होतो?" माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं होतं, पण ते मुलाबद्दल नव्हतंच. मी त्याला विचारलं होतं, मला गमावायचंय का. त्याने म्हटलं होतं, नाही. मी ते मुलाचं हो म्हणून घरी सगळ्यांना सांगून बसले होते.

मी मुदत मागे घेतली. थांबते म्हटलं, पण विषय सोडत नाही हेही म्हटलं. मग आम्ही एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या भांडणाचे दोन भाग केले. मूल हवं का, हा एक प्रश्न. कधी, हा दुसरा. आम्ही दोघं कायम दोन्ही एकदम बोलत होतो. मी 'कधी' विचारायचे तेव्हा त्याला 'का'शी झगडायचं असायचं, आणि तो 'आत्ता नको' म्हणायचा तेव्हा मला 'कधीच नको' ऐकू यायचं. 'कधी'मध्ये मधला रस्ता निघतो. वर्षभर थांबता येतं, आधी घराचं कर्ज कमी करता येतं. 'का'मध्ये मधला रस्ता नाही, कारण अर्धं मूल होत नाही. म्हणून 'का'चं आधी बोलायचं, आणि ते बोलताना तारखांचा उल्लेखही करायचा नाही.

त्यांनी घालून दिलेली रीत साधी होती, पण पाळायला फार जड गेली. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी पाऊण तास. फोन स्वयंपाकघरात. एकाने पंधरा मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने मध्ये फक्त "अजून काही?" एवढंच विचारायचं, आणि शेवटी आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. बोलणारा "हो, असंच" म्हणेपर्यंत पुन्हा सांगायचं. मग अदलाबदल. त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, निर्णय घ्यायचा नाही. एरवीच्या दिवसांत, विशेषतः रात्री झोपताना किंवा कुणाच्या बारशाहून आल्यावर, विषय काढायचा नाही. बाई म्हणाल्या, "मुदत घालायचीच असेल तर पुढच्या बोलण्याला घाला, उत्तराला नको." यातला फरक मला पहिल्या महिन्यात कळला नाही. नंतर कळला. पुढच्या शनिवारी बोलणं आहे हे नक्की असल्यामुळे मी मधल्या दिवसांत त्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधणं सोडलं, आणि तो माझ्यासमोरून पळायचा थांबला.

पहिले तीन शनिवार वायाच गेले. त्याचं बोलणं मी पुन्हा सांगायचे, ते "म्हणजे तुला जबाबदारी नको आहे" असं. तो मान हलवायचा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तू माझं बोलणं नाही, त्यावरचा तुझा शेरा सांगतेयस." ते खरं होतं.

चौथ्या वेळी बाईंनी लिहायला सांगितलं. दोघांनी वेगवेगळं बसून दोन मंगळवार लिहायचे: मूल चार वर्षांचं आहे असा एक साधा मंगळवार, आणि मूल नाही, आपण पन्नाशीत आहोत असा दुसरा. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत, कोण काय करतंय ते. सणावारचा किंवा वाढदिवसाचा दिवस चालणार नाही, मंगळवारच.

मी झरझर लिहिलं. त्याने वाचून दाखवलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. माझ्या मुलाच्या मंगळवारात डबा मी भरत होते, शाळेत मी सोडत होते, ताप आला तर रजा मी घेत होते. नवरा सकाळी कामावर गेला तो रात्री जेवायलाच उगवला. मला मूल त्याच्याबरोबर हवंय असं मी म्हणत होते, आणि माझ्या मनातल्या चित्रात तो नव्हताच. दुसरा मंगळवार मी दुःखाने लिहीन असं मला वाटलं होतं. तो शांत होता. त्यात पुस्तकं होती, संध्याकाळचं फिरणं होतं. मूल हवं ही माझी ओढ त्यामुळे खोटी ठरली नाही, ती आजही तितकीच आहे. पण मुलाशिवाय मी मोडून पडेन, हे जे मी त्याला सतत ऐकवत होते, ते पूर्ण खरं नव्हतं.

त्याच्या कागदावर मुलाचा मंगळवार सकाळी अकरापाशी संपला होता. पुढे कोरं. आणि त्या अकरापर्यंतही मूल फारसं नव्हतं. सहा वाजता भावाला उठवणं, दोघांनी धरून बाथरूमला नेणं, त्याला भरवणं होतं. पन्नाशीच्या मंगळवारातही तेच होतं.

माझ्या धाकट्या दिराला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताच तो रडला नाही, असं सासूबाई सांगतात. तो सिन्नरला त्यांच्याकडे असतो. बसतो, हसतो, थोडं बोलतो, पण उचलावं लागतं. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. आम्ही दर पंधरवड्याला तिकडे जातो. पण नवऱ्याच्या डोक्यात तो कुठे आहे, हे मी विचारलं नव्हतं. नवरा नऊ वर्षांचा असल्यापासून शाळेआधी भावाला अंघोळ घालत होता. आईची साठी उलटली, तिचा कणा दुखतो. ती गेली की भाऊ आपल्याकडे येणार हे त्याने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मला सांगितलं तर मी नाही म्हणेन, म्हणून तो ते बोलत नव्हता. त्याच्या लेखी एक मूल आधीच होतं. शिवाय आपल्यालाही असंच बाळ झालं तर, ही भीती. त्याच्या 'नको'त इतकं सगळं होतं, आणि मी सहा वर्षं त्याला बेपर्वा समजत होते.

आम्ही भीतीचा भाग आधी सोडवला, कारण तो सुटण्यासारखा होता. दिराची जुनी कागदपत्रं घेऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सांगितलं, की सेरेब्रल पाल्सी सहसा आईवडलांकडून येणारा आजार नाही. गर्भात असताना किंवा जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्याने ती होते, आणि दिराच्या बाबतीत जन्माच्या वेळची हकीकतच कारण दिसते. मग भावाचं पुढे काय, हे कागदावर आणलं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून अठरा वर्षांवरच्या माणसाचा कायदेशीर पालक नेमता येतो. निरामय नावाची आरोग्य विमा योजनाही त्यातच आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. अर्ज केला, सकाळच्या वेळेसाठी एक मदतनीस ठेवला. त्याचा पगार आम्ही देतो. आणि एका शनिवारी माझ्या पंधरा मिनिटांत मी म्हटलं, की आई गेल्यावर भाऊ आपल्याकडे येईल हे मला मान्य आहे. हे मी मुलाच्या बदल्यात म्हणत नव्हते, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. तो ऐकून घेऊन पुन्हा सांगताना थांबला, त्याला बोलता येईना.

इथे मला कुणाचा गैरसमज करून द्यायचा नाही. कारण सापडलं, कारण सुटलं आणि नवरा तयार झाला, असं झालं नाही. सगळं झाल्यावरही तो म्हणाला, "आता मला भीती नाही वाटत, पण ओढही वाटत नाही." मी मूल नको असण्याला काहीतरी उणीव समजत आले होते. ते बदलायला मला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला रघुनाथ धोंडो कर्व्यांचा एक चरित्रग्रंथ उपयोगी पडला. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे आणि १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवणारे कर्वे मला नावाने माहीत होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि कर्व्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली, हे मी तेव्हा नीट वाचलं. त्या घरात प्रेमाची किंवा कामाची वाण नव्हती. पण ते दोघं एका मताचे होते. आम्ही नव्हतो, आणि त्यासाठी पुस्तकात काही नव्हतं.

मग माझ्या वयाचं बोलणं करावंच लागलं. थांबण्याची किंमत एकाच्याच शरीरातून जाते, हे झाकून ठेवलं तर ती शांतता खोटी असते. मी त्याला बरोबर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, एकटी गेले नाही. त्यांनी एएमएच ही रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी केली. एएमएचचा आकडा बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देतो, नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. पस्तिशीनंतर शक्यता वेगाने कमी होत जाते, पण अमुक तारखेला दार बंद होतं असं नसतं. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून मग तपासण्या करतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. बीजं गोठवण्याचंही त्यांनी सांगितलं, आणि एक गोष्ट जी मला सुचली नसती: दोघांचं ठरलेलं नसताना गर्भ गोठवू नका, कारण त्यावर दोघांचा हक्क येतो आणि वापरताना दोघांची संमती लागते. बीजं फक्त तुमची राहतात. ती हमी नाही हेही त्यांनी सांगितलं. मी बीजं गोठवली नाहीत. पण बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मी एक वर्ष मागतो तेव्हा तू काय देतेस, ते मला आज कळलं." त्यानंतर त्याने 'बघू' हा शब्द वापरला नाही.

शेवटी मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, ज्यापासून मी सुरुवात केली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मी म्हटलं, "तुझं उत्तर नाही असेल, तर मी इथे राहू शकेन का, मला खात्री नाही. मी तुला भीती घालत नाहीये. मला माझ्याबद्दल जे कळतंय ते सांगतेय." शब्द जवळजवळ तेच होते. पण दोन वर्षांपूर्वी मी ते त्याला वळवण्यासाठी वापरले होते आणि त्याचं 'नाही' ऐकायची माझी तयारी नव्हती. या वेळी होती. वेगळं व्हावं लागलं तर घराचं काय, सिन्नरला मी जाईन का, हेही आम्ही त्याच शनिवारी बोललो. ते बोलणं शांत होतं आणि फार दुःखाचं होतं. माझी एक सहकारी आणि तिचा नवरा वर्षभर असंच नीट बोलले आणि वेगळे झाले, कारण तिला मूल नको होतं आणि त्याला हवं होतं. दोघं एकमेकांबद्दल आजही चांगलं बोलतात. नीट बोलल्याने मतं जुळतातच असं नाही. कुणावर काही लादलं गेलं नाही, एवढं मात्र राहतं.

पुढचे दोन महिने त्याच्या पंधरा मिनिटांत तो बहुतेक गप्प असायचा आणि मी "अजून काही?" विचारून थांबायचे.

२०२४ च्या जानेवारीत, शनिवार नसताना, मी भाजी निवडत होते आणि विषय त्याने काढला. कंपनीजवळच्या पाळणाघरात तो जाऊन आला होता. तिथे सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि तुझी रजा सव्वीस आठवड्यांची, म्हणजे जेमतेम जमतं, पण बाळ आजारी पडलं तर ते परत पाठवतात, तेव्हा काय करायचं? त्याला खाजगी कंपनीत वडील म्हणून रजेचा कायद्याने हक्क नाही, तर साठवलेली रजा आत्तापासून धरून ठेवावी का? रात्रीचं एकदिवसाआड वाटून घेतलं तर तुला चालेल का? भाऊ आपल्याकडे आला तर त्याची खोली कोणती? त्याने पाठकोऱ्या कागदावर चौदा प्रश्न लिहून आणले होते. मेथीची जुडी तशीच राहिली.

आता मी सदतीस वर्षांची आहे. दिवस राहिलेले नाहीत. सहा महिने प्रयत्न करून मग तपासण्या केल्या, दोघांच्याही, आणि उपचार चालू आहेत. ती दोन वर्षं बोलण्यात गेली नसती तर कदाचित हे सोपं झालं असतं, हा विचार मला येतो. तो आला की मी शनिवारी त्याला सांगते, आणि तो मला ते परत सांगतो, मी "हो, असंच" म्हणेपर्यंत.